बंद नाकाचा प्राणायाम

माझी मुंज आठव्या वर्षी व्हायची होती. वडील धारला भिक्षुकी करीत आणि मुंजीचा मुहूर्त त्यांनी स्वतःच काढला होता. मंत्र मुंजीतच मिळायचे. पण भिक्षुकाच्या मुलाला ऐन मांडवात अडखळताना लोकांनी पाहू नये, म्हणून नाक धरण्याची सवय ते मला महिनाभर आधीपासून लावीत होते.

उजवी नाकपुडी अंगठ्याने मिटायची आणि डावीने सावकाश श्वास घ्यायचा. एवढेच काम होते. मी अंगठा लावी, छाती फुगवू पाही, पण आत काही येत नसे. चेहरा लाल होई, डोळ्यांत पाणी येई आणि शेवटी तोंड आपोआप उघडे.

"तोंड मीट," वडील म्हणत.

मी मिटी. दहा-बारा अंक मोजून होईपर्यंत ते पुन्हा उघडलेले असे.

"हट्ट आहे हा. दुसरं काही नाही."

हट्ट नव्हता, पण आठ वर्षांच्या मुलाला ते कसे सांगता येणार? सगळी माणसे तोंडानेच श्वास घेतात, फक्त बाकीच्यांना तोंड मिटून तो कसा घ्यायचा ही युक्ती ठाऊक आहे, असे मला वाटे. सकाळी उठलो की जीभ टाळूला चिकटलेली असे. जेवताना घास आणि श्वास एकाच दाराने, म्हणून मचमच आवाज होई आणि पंगतीत आई डोळे वटारी. राखुंडीने दात घासताना वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्यांतून रक्त येई. त्या तेवढ्याच जागी लाल आणि फुगलेल्या होत्या. वरचे दात ओठाबाहेर डोकावत. शाळेतली मुले माळवी ढंगात म्हणत, "काय भिया, माश्या पकडतोस का?" मास्तरांचा प्रश्न मला निम्मा ऐकू येई, म्हणून त्यांनी मला मंद ठरवून मागे बसवले होते. मागे बसल्यावर उरलेला निम्माही ऐकू येईना.

आईने आपल्या परीने उपाय केला. दुपारी निजलो की ती माझ्या हनुवटीखालून जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारी. मी दचकून उठे आणि पट्टी ओरबाडून काढी. ती पुन्हा बांधी. त्यात तिची सगळी माया होती, हे मी आज जाणतो.

मुहूर्ताला तीन आठवडे उरले असताना मामा आला. तो देवासला सरकारी दवाखान्यात कंपौंडर होता. मी हाक मारली की "मामा"चा "बाबा" होई, आणि तो हसून म्हणे, "मला तुझा बाप करू नकोस रे, तो मान भावोजींचा." या वेळी मात्र तो हसला नाही. पट्टी बांधलेला मी त्याला दिसलो होतो.

"ताई, हे सोड. भावोजी, याला आमच्या डॉक्टरांना दाखवू या."

"नाक धरता येत नाही म्हणून डॉक्टर?" वडील म्हणाले.

"हो. म्हणूनच."

आई पट्टीची घडी करीत म्हणाली, "अहो, दाखवून तरी येऊ." वडील कसेबसे तयार झाले. बैलगाडीने इंदूरवरून देवासला पोहोचायला आम्हांला तीन दिवस लागले.

डॉक्टर मुंबईस शिकून आलेले, बोलायला शांत. त्यांनी आधी एक थंड आरसा माझ्या नाकाखाली धरला आणि तोंड मिटायला सांगितले. काचेवर वाफेचा ठिपकाही उमटला नाही. मग त्यांनी दोन्ही नाकपुड्यांत उजेड पाडून पाहिले.

"कधी नाकात चिंचोका, वाल, काही घातलं होतंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"धुळीनं, पिकांच्या फुलोऱ्याच्या दिवसांत शिंका येतात याला?"

"नाही," आई म्हणाली.

"नाकातलं हाड सरळ आहे. मांस सुजलेलं नाही." त्यांनी मला तोंड उघडायला लावले, घशातल्या गाठी पाहिल्या आणि मग टाळूवरून बोट फिरवले. "हे पाहा. टाळू अरुंद आणि उंच झालाय. जिभेनं वर टेकून त्याला रुंद ठेवायचं असतं. याचं तोंड सतत उघडं, म्हणून जीभ खाली पडून राहते आणि दोन्ही बाजूंनी गाल दाबतात. दात पुढे आले ते त्यामुळे, चेहरा लांबट झाला तोही त्यामुळे. आणि ओठांनी न झाकलेली हिरडी दिवसभर वाऱ्यानं वाळते, म्हणून सुजते."

शेवटी त्यांनी बोट पडजिभेच्या मागे, वर नेले. मला उलटी आली. त्यांना हवे ते सापडले. नाकाच्या मागच्या तोंडाशी मऊ मांसाची वाढ होती. कानाची नळीही तिथेच उघडते, म्हणून ऐकूही कमी येते, ते म्हणाले. ती वाढ खरवडून काढावी लागणार होती.

"क्लोरोफॉर्म देऊन?" वडिलांनी विचारले. "पोटच्या पोराची शुद्ध हरपवून? हट्टाची सवय आहे ही. मुंज झाली, नित्य संध्या सुरू झाली, की जाईल."

डॉक्टर वाद घालणार असे वाटले. त्यांनी तसे केले नाही.

"शास्त्रीबुवा, आपण रोज प्राणायाम करता. एक करून पाहता का? दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरा, तोंड मिटा आणि मनात अंक मोजा."

वडिलांनी नाक धरले. वर्षानुवर्षांचा सराव असलेला माणूस तो. बराच वेळ निश्चल बसला. मग मानेवरची शीर दिसू लागली, खांदे वर चढले, आणि तोंड उघडले. मोठ्याने धाप टाकीत.

"आता याला हट्ट म्हणायचं का?" डॉक्टर हळूच म्हणाले.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मग आईला म्हणाले, "ती पट्टी आणली आहेस का बरोबर?"

"आणलीय."

"चुलीत घाल." आणि डॉक्टरांना, "मुहूर्त मी काढलाय, मीच पुढे ढकलीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. मला गोड वास आठवतो, नंतर घशातली आग आणि थंड दूध. चौथ्या दिवशी मामीच्या स्वयंपाकघरातून मोहरी-हिंगाचा वास आला. इतका ठळक, की मी आईला विचारले, आज नवीन काय शिजते आहे? नवीन काही नव्हते. रोजचेच वरण होते.

निघताना डॉक्टरांनी बजावले, "वाट मोकळी झाली, पण तोंडाची सवय आपोआप जाणार नाही. वाचताना ओठांत कागदाचा तुकडा धर. तो पडता कामा नये." मी ते दोन महिने केले. हिरड्या पावसाळ्याआधीच बऱ्या झाल्या. दात पूर्ण मागे गेले नाहीत. आजही जरा पुढे आहेत. हाडे वाढीची आहेत तोवर आलात म्हणून पुष्कळ वाचले, असे डॉक्टर म्हणाले होते, आणि ते खरे ठरले.

ऐकू नीट येऊ लागले, तसा शाळेत मी पुढच्या बाकावर आलो तो तिथेच राहिलो, आणि आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला झालो. त्या यशातला मोठा वाटा मी त्या आरशाला देतो. आता मी शिक्षक आहे. वर्गात उघड्या तोंडाचे मूल दिसले की आधी त्याचे नाक पाहतो, मग अभ्यास.

माझी मुंज पुढच्या मुहूर्तावर झाली. मांडवात मी अंगठा लावला आणि डावीने श्वास घेतला. तो कुठेही अडला नाही. सोडला तेव्हा पाहिले, तर समोर बसलेल्या वडिलांनीही नाक धरले होते, आणि ते माझ्याबरोबरच श्वास सोडीत होते.