चाळणी एकाच व्यक्तीने केली

पंधरा दिवस. आरोग्य खात्याच्या वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि वर म्हणाले, "म्याडम, तुमच्यासाठी हे काय अवघड?" आता काय बोलणार कपाळ? ज्या कामाला चार माणसं आणि दीड वर्ष लागतं, ते एका बाईनं पंधरा दिवसांत करायचं होतं. मी व्हय म्हणाले, कारण प्रश्न कुणाचा आहे ते मला ठाऊक होतं.

मी तेव्हा बिदरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य शिकवायची. प्रश्न होता बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. तो थांबवायला सुई आहे, पण ती थंडाव्यात ठेवावी लागते. त्याच कामाची एक गोळीही आहे, तिला थंडावा लागत नाही. मग जिथं दवाखाना लांब आहे तिथं नर्सनं ही गोळी द्यावी का? आणि दुसरं, आठव्या महिन्यातच ती बाईच्या हातात देऊन ठेवावी का, म्हणजे घरीच बाळंत झाली तर स्वतःच घेईल? गुलबर्ग्याला समिती बसणार होती. त्या बैठकीत ठरलं तर गोळी त्या वर्षीच्या औषधांच्या यादीत जाणार होती. नाहीतर पुढचं वर्ष.

औराद तालुक्यात, चिंताकीच्या पुढं एका उपकेंद्रात एक नर्स होती. तिच्यासाठी पुढचं वर्ष म्हणजे काय, ते मी पाहिलं होतं. आदल्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, तेव्हा तिनं मला फ्रिज उघडून दाखवला. आत तिच्या डब्यातली भाजी होती, आणि तीही आंबलेली.

"तीन दिस झाले लाईट न्हाई, अक्का. सुई टोचली तरी पाणी टोचल्यावानी. एक पोरगी गेली माझ्या हातावर. मी नुसती बघत बसले, आता काय सांगू तुम्हाला. गोळी कामून देत न्हाईत आम्हाला?"

वर लिहिते, असं काहीतरी पुटपुटले आणि जीपमध्ये बसले.

तर अशा घाईच्या प्रश्नांना एक पद्धत आहे, जलद आढाव्याची. जगभरातले अभ्यास शोधायचे, शीर्षक आणि सारांश वाचून कामाचे ठेवायचे आणि बाकीचे बाजूला काढायचे. ही झाली चाळणी. मग ठेवलेले अभ्यास अख्खे वाचायचे, आकडे उतरवायचे, अभ्यास किती भरवशाचा ते ठरवायचं. नीट करायचं तर प्रत्येक पायरीवर दोन माणसं लागतात. दोघांनी एकमेकांचं न बघता चाळायचं आणि जिथं मत जुळत नाही तिथं बसून निकाल लावायचा. वेळ कमी असला की काही पायऱ्या गाळाव्या लागतात. गाळण्यात पाप नाही. पण काय गाळलं आणि त्यानं उत्तर कुठल्या बाजूला वाकडं होऊ शकतं, हे उघड लिहिलं पाहिजे.

आधी आम्ही दोघी होतो. माझी मैत्रीण त्याच विभागात, शेजारच्याच टेबलावर बसायची. काय भांडायचो आम्ही! एकेका अभ्यासावरून तास तास. "डोळे आहेत का बटणं?" म्हणायची मला. मी तिला आळशी म्हणायची. शिपाई चहा घेऊन आला की दारातच थांबायचा, आत मारामारी चाललीय समजून. मग तिला हैदराबादला औषधांच्या चाचण्या करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि ती गेली. त्या वर्षांत सगळेच जात होते. भाऊ पुण्याला, मामाची पोरं बेंगळुरूला, नवरा तर लग्नाच्या तिसऱ्या वर्षीच आखातात. तिचं टेबल विभागानं दुसऱ्या खोलीत नेलं. त्या जागेवर फरशीचा रंग वेगळा दिसायचा. मला ते अजिबात सहन व्हायचं नाही, म्हणून मी तिथं एक कुंडी आणून ठेवली.

कामाला लागले. प्रश्न आधी आवळून घेतला. आधीच झालेला एक मोठा, नीट केलेला आढावा सापडला. तो धरला आणि त्यानंतरचेच अभ्यास शोधले. अभ्यासांच्या नोंदींचे दोनच संग्रह पाहिले. इंग्रजीतलेच अभ्यास घेतले. मराठी आणि कानडी घरात बोलणाऱ्या बाईनं "फक्त इंग्रजी" लिहायचं, माझं मलाच हसू आलं. न छापलेले अहवाल मागवले नाहीत. आकड्यांची एकत्र बेरीज मांडली नाही, शब्दांत सांगितलं. आणि शीर्षकांचा तो गठ्ठा एकटीनं चाळला.

एकटीनं चाळण्याचा धोका मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आले होते. माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाला सगळंच बिनकामाचं वाटायला लागतं. त्यावर एक मधला उपाय आहे. वगळलेल्यांतला थोडा भाग तरी दुसऱ्यानं तपासायचा. मी मैत्रिणीला फोन केला. "पाठव की गं, लगेच बघते," म्हणाली. मी ईमेलनं पाठवलं. चार दिवस रोज दुपारी ग्रंथालयात जाऊन कॉम्प्युटर उघडत होते. पाचव्या दिवशी मीच फोन लावला.

"अगं, इथं मरायला वेळ न्हाई," ती म्हणाली. "तू असं कर, माझं नाव घाल. दोघींनी चाळलं म्हणून लिही. कोण बघायलंय?"

"तू वाचलंस का?"

"तू वाचलंस ना? मग झालं की."

मी फोन ठेवला. राग आलाच, पण त्याहून जास्त रडू आलं, हे कबूल करते. ती खोटं बोल म्हणाली याचं इतकं नाही. पूर्वी माझ्यावर तिचा इतका विश्वास नव्हता आणि त्या अविश्वासातच आमची सगळी मैत्री होती, हे तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मी ते वाक्य लिहिलंही. "चाळणी दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे केली." किती छान दिसत होतं! अर्धा दिवस तसंच ठेवलं. मग खोडलं आणि लिहिलं, "चाळणी एकाच व्यक्तीने केली. दुसऱ्या व्यक्तीने तपासलेली नाही. त्यामुळे कामाचा एखादा अभ्यास सुटला असण्याची शक्यता आहे." वाचून पाहिलं. कागदावर माझंच घर उघडं पडल्यावानी वाटलं. पण दुसरी व्यक्ती म्हणून लिहायला माणूसच नव्हतं. वगळलेल्या सगळ्या शीर्षकांची यादी शेवटी जोडली. इतकी लांब यादी सहसा कुणी जोडत नाही.

साहेबांनी मसुदा वाचला आणि त्यांचा फोन आला. "म्याडम, हे काय करून ठेवलंय? हे केलं न्हाई, ते केलं न्हाई. असलं पान बघून समिती फाइल परत पाठवंल. तुमच्या नर्सला मग गोळी मिळाली म्हणायची! काढून टाका ते पान."

बरोबर दुखत्या जागी बोट ठेवलं होतं त्यांनी. दोन दिवस मला उपकेंद्रातला तो फ्रिज डोळ्यासमोर दिसत होता. तरी पान काढलं नाही. उलट तिरीमिरीत शेवटून उचलून दुसऱ्या नंबरवर आणलं. ठरल्या दिवशी अहवाल सगळ्या सदस्यांना गेला.

बैठकीला गुलबर्ग्याला बसनं गेले. समितीत औषधशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते, भालकीकडचे, पांढरं धोतर आणि खिशाला दोन पेनं. त्यांच्यापुढं माझा अहवाल होता आणि यादीच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा.

"अक्का, तुम्ही एकटीनं चाळलं म्हणून लिहिलंय," ते म्हणाले. "म्हणून मी यादी बघितली. हा एक कामून सोडला?"

वाचता न येणाऱ्या बायकांसाठी गोळीच्या पाकिटावर काढलेल्या चित्रांबद्दल शीर्षकात काहीतरी होतं. मला ते छपाईचं काम वाटलं होतं. सरांनी हैदराबादच्या एका ओळखीच्या ग्रंथपालाकडून तो अभ्यास मागवून अख्खा वाचला होता. आत लिहिलं होतं की घरी नेलेली गोळी काही बायकांनी बाळ यायच्या आधीच घेतली. बाळ पोटात असताना ती गोळी घेतली तर कळा भयंकर वाढतात, गर्भपिशवी फाटू शकते. जुळं असेल तर पहिलं बाळ आल्यावरही धोका तोच.

माझ्या अहवालात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "द्यायला हरकत दिसत नाही" असं होतं.

बैठकीला आलेले साहेब लगेच म्हणाले, "म्हणूनच मी सांगत होतो, ते पान ठेवू नका."

"पान नसतं तर मी यादीकडं बघितलंच नसतं," सर म्हणाले. "आपण सगळ्यांनी सही केली असती."

मग तासभर चर्चा झाली आणि ठरलं की गोळी उपकेंद्रांना द्यायची. नर्सनं स्वतः, बाळ आल्यावर, पोट चाचपून दुसरं बाळ नाही याची खात्री करून द्यायची. बायकांच्या हातात आधी देण्याचा प्रश्न पुढं ढकलला, आणखी अभ्यास बघून ठरवायला. यादीत गोळी त्याच वर्षी गेली.

नर्सला मी फोनवर सांगितलं. ती खूश झाली. मग म्हणाली, "पर अक्का, शेतावर एकटीच बाळंत होणारी असती, तिथवर मी पोचत न्हाई. तिचं काय?" खरंच होतं ते. तिला मी एवढंच सांगितलं की त्याचं उत्तर अजून माझ्याकडं नाही, आणि आता अहवालातही मी तसंच लिहिणार आहे.

सरांनी बैठकीहून निघताना आपली यादी बरोबर नेली होती. "उरलेली बी बघतो. रिकामाच हाय मी," म्हणाले. आठवड्यानं टपालानं ती यादी आली. प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीची बारीक खूण, आणि दोन ठिकाणी माझ्याशी चक्क भांडण. एका जागी लिहिलं होतं, "हे बरोबर सोडलं, पण कारण चुकलंय." मी ते पान हातात धरून एकटीच मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी भांडलं होतं.

अंतिम प्रतीत मी वाक्य बदललं. "चाळणी एकाच व्यक्तीने केली. वगळलेली संपूर्ण यादी दुसऱ्या व्यक्तीने तपासली." 

त्या हिवाळ्यात सर गेले. बातमी मला उशिरा कळली. त्यानंतर मी असे बरेच आढावे केले, घाईचेच. प्रत्येकात दुसऱ्या पानावर ते पहिलं वाक्य लिहिलं. तपासल्याचं दुसरं वाक्य लिहायची वेळ पुन्हा आली नाही.