जर्मन ड्रॉइंगवरचा एक शब्द

१९८६ साली गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात सत्यशीला जर्मन ड्रॉइंगवरच्या सूचना लेथवर काम करणाऱ्या टर्नरांसाठी मराठीत लिहून देत असे. एका शाफ्टचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तिने बरोबर उतरवला: व्यास ८० मिलिमीटर, अधिक काही नाही, उणे ०.०१९. फिनिशच्या टिपेत मात्र 'गेश्लिफन', म्हणजे ग्राइंडिंग करून गुळगुळीत केलेलं, असं होतं. तिने शब्दकोश न उघडताच तो लेथवरच्या कामाचा शब्द समजून 'बारीक टर्निंग' लिहिलं.

खरबरीत राहिलेल्या शाफ्टने तेल अडवणारं ऑइल सील खाल्लं, तेल गळलं. साहेबांनी टर्नर खुशालला सगळ्यांसमोर झापलं.

"साहेब, चूक त्यांची नाई, माझी हाय," सत्यशीला कशीबशी म्हणाली.

खुशाल हळूच म्हणाला, "बाई, तुमचं लिहिलेलं मी कधी पुन्हा विचारलंच नाई."

तिला मान वर करता येईना. नव्या शाफ्टसाठी तिने शब्दकोश उघडला.