अंजनाबाईंच्या ओळी

रिसोडच्या खासगी दवाखान्यात अंजनाबाई बिलं लिहायच्या. शिपाई हेमसिंगांचं बिल मात्र डॉक्टरांनी स्वतःच सलग मजकुरात लिहून दिलं होतं: सहा दिवस खाट पाच रुपयांनी, आठ इंजेक्शनं तीन रुपयांनी, तीन सलाईन बारा रुपयांनी, एकूण नव्वद. ते भरूनही झाले होते. पण नग, दर, रक्कम वेगवेगळी लिहिलेली नसल्यानं हेमसिंगांच्या कचेरीनं खर्चाची परतफेड अडवली.

अंजनाबाईंनी रकाने आखले आणि सवयीप्रमाणे प्रत्येक ओळ हेमसिंगांच्या बायकोला, कमलीबाईला, वाचून दाखवली.

“सलाईन, तीन नग, छत्तीस.”

“तीन काहून वो बाई? एक तं मीच दुकानातून आणली व्हती!”

अंजनाबाईंनी डॉक्टरांना विचारलं; त्यांनी चूक मान्य केली. मग लिहिलं: दोन नग, चोवीस, एकूण अठ्ठ्याहत्तर.

डॉक्टरांनी बारा रुपये परत केले, सही केली. “पुढच्या बिलालाही अशाच ओळी आखा,” ते हळूच म्हणाले.