डॉक्टर मगन पाटलांचा अर्ज आणि हस्तीमल शेठ

नंदुरबारचे हस्तीमल शेठ कापड मोजून देताना गज स्वतःच्या हाताने धरत आणि कापड मोजून घेताना गज घरून नेत. देवळात चपला काढल्या तर एक या दाराशी, दुसरी त्या दाराशी. माणूस वाईट मुळीच नव्हता, पण विश्वास म्हणून जी काही चीज असते ती त्यांच्या वाट्याला आली नव्हती. अख्ख्या आयुष्यात त्यांनी एकाच माणसावर आंधळा भरवसा ठेवला आणि नेमका तोच भामटा निघाला.

ते असं झालं. शेठ गावच्या पांजरापोळाचे सेक्रेटरी. म्हातारी, लंगडी, टाकलेली दीडशे गुरं तिथं होती. १९३५ साली एक गृहस्थ सोनेरी कडांचा दाखला घेऊन आले, स्वतःला गुरांचे डॉक्टर म्हणवू लागले. दाखला पाहून शेठ हरखले. त्या गृहस्थांनी सांगितलं, "बाहेरचे डॉक्टर बुटांना रोग चिकटवून आणतात, कुणाला आत घेऊ नका." शेठनी लगेच फाटकाला कुलूप घातलं. ऐन आषाढात गुरांचे गळे सुजू लागले. डॉक्टरसाहेब म्हणाले, सर्दी आहे. आठ दिवसांत एकतीस गुरं मेली आणि डॉक्टरसाहेब बाराव्या दिवशी गायब झाले. पुढं कळलं की तो कुठल्याशा दवाखान्यात बाटल्या धुणारा होता. त्या दिवसापासून शेठनी दूध-तूप सोडलं. पांजरापोळाला खरा डॉक्टर मिळेपर्यंत तोंडाला लावणार नाही, असा नियमच घेतला.

दोन वर्षं कोरडी भाकरी खाल्ल्यावर १९३७ साली एक अर्ज आला. अर्जदार मगन सुपडू पाटील, राहणार म्हसावद. अकरा वर्षं तळोद्याच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरी. आता बदली धारवाडकडे झाली होती आणि घरी म्हातारी आई एकटी. पांजरापोळानं ठेवलं तर जिल्ह्यातच राहता येईल, नाहीतर महिनाअखेर निघावं लागेल, असं त्यानं सरळ लिहिलं होतं.

अर्जाला पंधरा पानं जोडलेली होती. पहिल्या पानावर कुठली जनावरं तपासली ते: बैल, गाय, म्हैस, घोडा, शेळी, मेंढी, कुत्रा आणि एक उंट. दुसऱ्यावर शस्त्रक्रिया, आणि प्रत्येकीसमोर किती वाचले, किती मेले याचा रकाना. शिंग कापणं, गळू फोडणं, अडलेलं वासरू काढणं. 'पोट फाडून खाणं काढणं: बैल चार, वाचला एक.' खच्ची केलेले बैल तर सहाशेच्या वर. ते वाचून पांजरापोळाचे अध्यक्ष फुलचंदजींनी कानांवर हात ठेवले. बाकीची सगळी पानं गावोगावच्या भेटींची, तारीखवार. शेवटी मुंबईच्या पशुवैद्यक कॉलेजच्या पदवीचा नंबर आणि साल. गुरांच्या डॉक्टरांची कायद्यानं नोंदणी तेव्हा नव्हती. हा नंबर हीच काय ती नोंद.

"खोटं बोलणारा मेलेले बैल कशाला लिहील?" फुलचंदजी म्हणाले.

"हुशार असेल तर लिहील," शेठ म्हणाले. "आणि खच्चीचं लपवलं नाही, म्हणजे जास्तच हुशार."

शेठनी कॉलेजला पत्र घातलं. उत्तर आलं: नाव बरोबर, नंबर बरोबर, साल बरोबर. कुणीही गप्प बसलं असतं. पण शेठना वाटलं, मगन पाटील खरा असेल, पण अर्ज करणारा तोच कशावरून? दुसऱ्याचा दाखला उचलून आणला असेल तर? तेव्हा त्यांनी भेटींच्या पानांत जवळचं गाव शोधलं. धानोरा, दोधू पाटील, बैलाचं पोट फाडलं, तोच वाचलेला. शेठनी काळा कोट चढवला, छत्री घेतली, जाडजूड वही बगलेत मारली आणि सकाळीच टांग्यानं धानोऱ्याला पोचले.

दोधू पाटील ओट्यावर बसला होता. वही पाहिल्याबरोबर उभा राहिला.

"तुम्हना बैलनं पोट फाडेल शे ना? मगन डॉक्टरनी?" शेठनी विचारलं.

"आम्हना गावमा डॉक्टर कधी उनाच नही, शेठ."

आतून त्याची बायको गजराबाई धावून आली. "रोग? आम्हनं एक ढोर कधी खोकलनं बी नही!"

शेठ शेजारी गेले, चावडीवर गेले. सगळीकडं तेच. मगन? कोन मगन? सगळा गाव एका सुरात बोलत होता. शेठनी वहीत 'खोटा' असा शब्द लिहिला. आपण पकडलं याचं समाधान व्हायला हवं होतं, पण त्यांना रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

टांगा केव्हाच परत गेला होता. पाहुणा लवकर टळावा म्हणून दोधूनं स्वतःच गाडी जुंपली. शेठ डाव्या अंगाला बसले. गाव मागं पडलं आणि त्यांची नजर डाव्या बैलाच्या कुशीवर गेली. बरगड्यांच्या मागं वीतभर सरळ व्रण. त्यावर पांढरे केस आलेले आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर ठिपके.

"हाई काय शे?"

"काटाना कुंपनमा पडना व्हता."

जन्मभर कापडात गेलेला माणूस तो. शिंप्याचा टाका न् टाका ओळखणारा. "पाटील, कुंपन टाका घालस का?" शेठ म्हणाले. "मी सरकारी मानूस नही. पांजरापोळना शे. त्याले नोकरी देवानी का नही, ते पाहाले उनू."

दोधूनं गाडी थांबवली आणि हसत सुटला. "मंग पहिलेच सांगता! वही लिसन उनात, आम्ही समजनूत सरकारी. गावमा रोग शे असं लिखाई गयं तं आम्हना ढोरंसले बजार बंद. म्हनीसन वहीवाला उना का सारा गाव म्हनस, डॉक्टर उनाच नही."

मग त्यानं सगळं सांगितलं. बैलानं सरकीच्या पोत्यात तोंड घातलं होतं, पोट दगडासारखं झालं होतं. मगन डॉक्टरनं कुशीत औषध टोचून जागा बधिर केली, उभ्या बैलाचं पोट चिरलं, कोपरापर्यंत हात घालून घमेलंभर सरकी काढली, आधी आतली पिशवी शिवली, मग वरचं. "दोन दिन गोठामा बसेल व्हता. बैलनी वैरनले तोंड लावं, तवय त्यानी भाकर खादी."

शेठनी वहीतला शब्द खोडला. एवढ्यानं भागेना म्हणून ते पानच फाडलं.

घरी आले ते पहिल्यांदाच गुणगुणत. धापूबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले, डॉक्टर मिळाला. धापूबाईंनी दोन वर्षं वाट पाहिली होती; त्या लगबगीनं दूध तापवायला गेल्या. शेठ उजेडात बसून अर्ज पुन्हा वाचू लागले. आजवर त्यांनी त्यात फक्त खोट शोधली होती, सबंध वाचला नव्हता. आता मजेत एकेक भेट वाचत होते. तेराव्या पानावर ते थांबले.

'११ जुलै १९३५. नंदुरबार, पांजरापोळ. गळे सुजल्याची बातमी ऐकून गेलो. घटसर्पाचा संशय. टोचायचं सीरम सोबत होतं. सेक्रेटरींनी दाखला मागितला, तो दाखवला, पटला नाही. आत जाऊ दिलं नाही. टोचणी झाली नाही.'

शेठना आठवलं. पावसानं निथळणारं घोडं, लाकडी पेटी, फाटकाबाहेर तासभर उभा असलेला तरुण. त्या दिवसापर्यंत फक्त दोन गुरं मेली होती.

धापूबाई पितळी पेला घेऊन आल्या. "अबै तो दूध पी ल्यो."

शेठनी शाई मागवली. आधी अर्जावर 'ठेवावे' असं लिहून सही केली. मग फाटकाच्या कुलपाची किल्ली कमरेची सोडून अर्जाला बांधली.

दुधावर साय धरली होती. त्यांनी पेला हलकेच धापूबाईंकडं सरकवला आणि म्हणाले, "माझा नियम चुकला. ती गुरं त्या भामट्यामुळं नाही मेली."