पानाला केलेली मदत

कोपरीच्या शाळेत चौथीला शिकवताना मी मुलांसाठी गोष्टी लिहायचे. खोड एकच, शेवटी तात्पर्य चिकटवल्याशिवाय मला चैन पडत नसे. त्या वर्षी वर्गाने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत चवळी लावली होती, म्हणून पानाची गोष्ट लिहिली.

गोष्टीतलं पान म्हणजे सुगरण मावशी. मुळं तिला पाणी पाठवतात, पानाच्या बारीक छिद्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, पानातला हिरवा रंग ऊन पकडतो आणि त्या उन्हाच्या जोरावर मावशी पाणी नि हवेपासून साखर बनवते. उरलेला ऑक्सिजन बाहेर सोडते, साखर सगळ्या झाडाला वाढते. इथवर ठीक होतं. पण मावशीला दमवल्याशिवाय मला राहवेना. ‘बिचारी दिवसभर एकटी राबते,’ असं लिहून खाली ठोकून दिलं : तात्पर्य, दमलेल्याला मदत करावी.

आठवड्याने पहिल्या बाकावरची मुलगी डबा छातीशी धरून आली. रोप मान टाकून पडलेलं, मातीत मुंग्यांची रांग.

“बाई, मी मदत केली. रोज दोन चमचे साखर पाण्यात घातली. मावशीला सुट्टी दिली.”

“आणि डबा ठेवतेस कुठे?”

“कपाटामागे. तिला झोप लागावी म्हणून.”

मला हसू फुटणारच होतं, पण तिचे डोळे भरले होते. “मरणार का हो ते?”

“अगं, पानाला आयती साखर नको असते, आणि मातीतल्या साखरेने मुळांना पाणीच ओढता येत नाही. काळोखात तर पानाचं काम बंदच पडतं.”

“मग गोष्टीत तसं का नाही लिहिलंत?”

खरं सांगते, मला लाज वाटली. मधल्या सुट्टीत दोघींनी मुळं हलक्या हाताने धुतली, ताजी माती भरली आणि डबा व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात ठेवला. मग ती रोज प्रार्थनेआधी येऊन बघायची. जगेल असं मी तिला सांगत होते खरी, पण माझाच जीव टांगणीला लागला होता.

जुनी पानं पिवळी पडून गळली. मग एका सकाळी शेंड्याला हिरवा कोंब दिसला. मी आनंदाने धावले आणि चष्मा सावरत डब्यावर वाकले.

“बाई, सरका ना.”

“का गं? बघू तरी दे!”

“तुमची सावली पडलीय त्याच्यावर.”

मी बाजूला सरकले. तिने माझी गोष्टींची वही मागून घेतली, माझं तात्पर्य खोडलं आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं : ‘पानाच्या उन्हात उभं राहू नये.’