दोऱ्याने घेतलेलं माप

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात जावयाच्या बोटात अंगठी गेली नाही. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या विहीणबाई तेव्हा जे बोलल्या ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

पेणकरपाड्यातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये पलंगावर साड्या मांडून मी धंदा सुरू केला आणि पुढे मीरा रोडला गाळा घेतला. सुरतेच्या व्यापाऱ्यांशी भाव करत मी हे उभं केलंय. भाव करणं मला येतं हे सगळ्या नात्यात माहीत आहे, आणि नेमकं तेच त्या दिवशी माझ्यावर उलटलं.

जावयाची अंगठी मुलीकडच्यांनी करायची, असं ठरलं होतं. मुलाला सोनाराकडे घेऊन जाते, असं मी म्हटलं तर विहीणबाई नाही म्हणाल्या. त्यांच्याकडे साखरपुड्याआधी मुलाने ती अंगठी बोटात घालायची नसते. बरं, नुसतं माप तरी देऊ दे, म्हटलं. तर मुलगा कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला, दिवसा झोपलेला. त्याला वेळ नाही, मीच माप पाठवते, असा निरोप आला. दोन दिवसांनी सिल्व्हर पार्कहून, त्यांच्या घरून, हळदीकुंकू लावलेलं पाकीट आलं. आत पांढऱ्या शिवणाच्या दोऱ्याचा गाठ मारलेला वेढा. थंडीचे दिवस होते.

तो वेढा घेऊन मी भाईंदरच्या सोनाराकडे गेले. त्याने तो मापाच्या निमुळत्या दांडीवर चढवला, जिथे थांबला तिथला आकडा वाचला आणि लिहून घेतला. मी चांगली रुंद, सपाट पट्टीची अंगठी निवडली. दुरून दिसली पाहिजे, मुलीच्या आईने हात आखडला असं कुणी म्हणायला नको. घडणावळीवरून आम्ही दुपारभर भांडलो. तेवढ्या वेळात त्या माणसाने चहा पाजला, मुलीचं शिक्षण विचारलं, पण रुंद पट्टी त्याच मापात जास्त आवळते, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही.

साखरपुडा मे महिन्यात, घोडबंदरच्या बाजूला एका हॉलमध्ये, भर दुपारी. पंखे गरम हवा फिरवत होते. जावई सकाळपासून पाहुण्यांच्या मागे पळत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मुलीने अंगठी घातली ती मधल्या सांध्यावर अडकली. तिने थोडा जोर दिला, त्याने बोट वाकडं केलं, बायका पुढे सरकल्या, कुणी साबण आणा म्हणालं. अंगठी जागची हलली नाही. शेवटी त्याने ती करंगळीत अडकवून फोटो काढून घेतले.

विहीणबाई आपल्या नणंदेकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ताईंनी भाव करता करता सोनंच कमी केलेलं दिसतंय."

नणंद हसली, मग चार बायका हसल्या. माझी मुलगी मान खाली घालून बसली होती. मला त्या घरात तिला पाठवायची होती. पहिल्याच दिवशी कंजूष बाईची मुलगी म्हणून नाव पडलं तर ते जन्मभर पुरतं. मी पेढ्यांचं ताट उचललं आणि त्याच बायकांना पेढे वाटले. मला ओळखणारे सांगतील की हे किती अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की अंगठी परत करून आमच्या सोनाराकडून दुसरी घ्या. म्हणजे चूक माझी हे कायमचं ठरलं. मी निरोप पाठवला, अंगठी माझ्याकडे द्या आणि मुलाला उभं करून माप माझ्यासमोर घ्या. मी येतेय.

मी सकाळीच पोचले. मुलगा नुकताच ऑफिसच्या गाडीतून उतरला होता, रात्रभर एसीत बसून हात अगदी गार. विहीणबाईंना विचारलं, तेव्हा माप कधी घेतलं होतं? म्हणाल्या, असाच ड्युटीवरून आला तेव्हा, झोपायच्या आधी. दोरा कसा बांधला, तेही दाखवलं. बोटाच्या मुळाशी गच्च ओढून. सांध्यावरून नेऊन बघितलाच नव्हता, कात्रीने कापून काढला आणि पुन्हा गाठ मारली.

मी कागदाची अरुंद पट्टी कापून आणली होती. दोरा ओढला की ताणतो, कागद ताणत नाही. ती बोटाच्या मुळाशी गुंडाळली, दाबली नाही, नुसती टेकवली, आणि टोक जिथे आलं तिथे पेनाने खूण केली. पुन्हा केलं, दोन्ही वेळा तेच. मग सांध्यावर वेगळी पट्टी. अंगठीच्या आत तिसरी पट्टी कडेला चिकटवून फिरवली आणि सगळ्या फूटपट्टीवर ठेवल्या. मुळाचं माप आणि अंगठीचं आतलं माप जवळजवळ सारखं. सांध्याचं त्याहून मोठं.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "माप तर बरोबरच आहे. मग अंगठी का गेली नाही?"

माझा पारा चढला, पण मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत बसते. त्यांना ते आवडलं नाही. मुलगा झोपला, आम्ही दोघी टीव्हीसमोर एकमेकींशी न बोलता बसलो. जेवायला त्यांनी वाढलं, मी जेवले, मीठ जास्त होतं, तेही बोलले नाही.

उन्हं उतरल्यावर मुलगा उठला, खाली जाऊन दूध घेऊन आला, चहा प्यायला. घर तापलेलं होतं. मी पुन्हा त्याच बोटावर कागद लावला. सकाळची खूण आणि आताची खूण यांत दोन मिलिमीटरचा फरक. तोच मुलगा, तेच बोट. हे डाव्या हाताचं, अंगठीचं बोट; उजव्या हाताचं तर त्याहूनही जाड निघालं.

मी पट्ट्या त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या. "विहीणबाई, तुम्ही गार बोटाचं माप पाठवलंत. अंगठी उन्हाळ्यात घालायची होती. वर सांधा सोडून दिलात. आणि पट्टी रुंद आहे, ती बोटाला जास्त ठिकाणी टेकते, तिला आणखी जागा लागते. यात सोनं कुठे कमी झालं ते मला दाखवा."

त्यांनी चष्मा लावला. स्वतःच्या बोटावर पट्टी गुंडाळून बघितली, मग मुलाच्या, मग पुन्हा स्वतःच्या. बराच वेळ लावला. मुलगा म्हणाला, "आई, काकू बरोबर बोलतायत. सकाळी माझं घड्याळसुद्धा सैल असतं."

"म्हणजे अंगठी मी पाठवलेल्या मापाचीच होती म्हणा ना," त्या म्हणाल्या.

"मी कधीपासून तेच म्हणतेय. आता हेच वाक्य तुमच्या नणंदेला फोन करून सांगा. मी इथे बसलेय."

मुलाने कॉर्डलेस आणून त्यांच्या हातात दिला, हसू दाबत. त्यांनी फोन लावला, आधी नणंदेच्या गुडघ्याची चौकशी केली, मग उन्हाळ्याची, मग लग्नाच्या हॉलची. मी उठले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि हो, ती अंगठी. दोरा माझाच आखूड पडला होता. ताईंची काही चूक नव्हती." आणि लगेच विषय बदलला.

अंगठी मी त्याच सोनाराकडे नेली. संध्याकाळचं माप धरलं, सांध्यावरून जेमतेम उतरेल इतकं, आणि रुंद पट्टीसाठी वर एक नंबर मोठं. त्याने ती कापून मध्ये सोन्याचा तुकडा जोडला. जोडकामाचे पैसे मी दिले नाहीत, द्यायचा प्रश्नच नव्हता.

लग्नात ती बोटात बसली. थंडीत सकाळी ती थोडी फिरते, असं विहीणबाई अजून दरवर्षी मला ऐकवतात. मी दरवर्षी कारण सांगते. पण चारचौघांत बोललेलं त्यांनी फोनवर, एकाच बाईजवळ मागे घेतलं. बाकी चौघी अजून तेच समजून बसल्या आहेत.