लसूण सोलणारीचं माहेर

नाशिकहून जव्हारला जाणारी एस.टी. त्र्यंबकच्या पुढे वळली की मला परत फिरावंसं वाटतं. तोरंगणच्या घाटाला उगाच बोल लावू नये. घाट बिचारा सुरेख आहे, दिवाळीनंतर तर फारच. उतारावरचं गवत सोनेरी झालेलं असतं आणि नागलीची (नाचणीची) कणसं काढून झाल्यावर शेतं मोकळी, हलकी दिसतात. परत फिरावंसं वाटतं ते माहेराच्या विचारानं.

नाशकात मी मुलींच्या वसतिगृहाची खाणावळ चालवते. दोन्ही वेळा पंगती उठतात, मोठमोठी पातेली उतरवते, पण हातून थेंबही सांडत नाही. जामसरच्या घरात पाऊल टाकलं की मात्र मी ‘धांदरट लती’ होते. लहानपणी एकदा माझ्या हातून दुधाचं पातेलं पालथं झालं, तेवढं निमित्त पुरलं. थोरली सुशीलाताई जव्हारच्या शाळेत शिक्षिका, ती हुशार आणि जबाबदार. ही वाटणी कोणी आणि कधी केली, ते कुणालाच आठवत नाही, पण ती कायम आहे.

मागच्या वर्षी मी भांडून परतले होते. माझ्याबद्दल काही म्हणाले म्हणून नव्हे. माझ्या रेवाच्या हातून पेला निसटला आणि आई हसून म्हणाली, ‘‘आईवरच गेली गं ही धांदरट! प्राजक्ता बघ कशी, ताईसारखी.’’ प्राजक्ता ही ताईची मुलगी. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. परत येणार नाही म्हणून सांगून आले. रेवा महिनाभर पेला दोन्ही हातांनी धरायची. तिच्या अंगाला ते नाव चिकटू नये, एवढंच मला हवं होतं. ते जमलं नाही, तर माहेर बंद करायचं, असं ठरवूनच या वेळी रेवाला घेऊन निघाले होते.

मोखाड्याला गाडी थांबली. चहाच्या टपरीवर शेजारी एक म्हातारी बसली होती, पाटीत रताळी घेऊन.

‘‘कुणाची गं तू?’’

गावाचं, वडिलांचं नाव सांगितलं.

‘‘म्हंजे त्या मास्तरीणबाईची भयीण? ती लय हुशार हाय.’’ मग मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, ‘‘तू काय करतेस?’’

‘‘जेवण बनवते.’’

‘‘असू दे, असू दे,’’ म्हातारी समजूत घालत म्हणाली आणि एक रताळं रेवाच्या हातात ठेवलं. घरी पोचायच्या आतच माझा निकाल लागला होता! मला हसू फुटलं.

उरलेल्या वाटेवर मनाशी तयारी केली. दोनच रात्री राहायचं. रोज सकाळी एकटीनं बांधापर्यंत फिरून यायचं. मला कुणी काही म्हटलं तर ‘असेल’ म्हणायचं, पुरावे द्यायचे नाहीत. रेवाला म्हटलं तर मात्र एकच वाक्य, आवाज न चढवता: तिचं नाव रेवा आहे.

जव्हारच्या डेपोवर उतरलो, बाजारातून ओली हळद आणि शेंगा घेतल्या आणि जीपनं जामसरला पोचलो. अंगणात नव्या भाताचा पेंढा पसरला होता, त्याचा वास नाकात शिरला. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तो माझ्या हातून निसटला. खरंच निसटला! चार डोळे हातांकडे लागले की हातच गडबडतात. 

‘‘आली आमची लती,’’ ताई म्हणाली. सगळे हसले.

‘‘असेल,’’ मी म्हणाले. ते इतकं विचित्र वाटलं की ताई माझ्याकडे बघतच राहिली. संध्याकाळी स्वयंपाकाला मी पदर खोचला, तर तिनं लसणाची टोपली पुढे सरकवली. ‘‘तू हे सोल.’’ वर्षानुवर्षं माझं खातं तेच आहे. सोलला.

मग रेवाकडून रांगोळीचा डबा कलंडला. आई म्हणाली, ‘‘अगदी आईवर...’’

‘‘आई, तिचं नाव रेवा आहे.’’

‘‘आता नावानं हाक मारायला शिकवतेस का आम्हाला?’’ ताईनं शाळेतला आवाज लावला. मी अंगणात गेले, पिंपातलं गार पाणी पायांवर ओतलं आणि श्वास जागेवर आल्यावरच आत आले.

दुसऱ्या दिवशी ‘नवं’ होतं. नव्या तांदळाचा पहिला भात आधी देवाला आणि वाडवडिलांना दाखवायचा, मगच घरानं खायचा. तोवर चव बघायची नाही, शीतसुद्धा दाबून बघायचं नाही. आईचे हात कापायला लागल्यापासून हा भात ताईच करते. ती वर्षभर जुना तांदूळ शिजवते, त्याला पाणी जास्त लागतं. त्या सवयीनं तिनं पाणी ओतलं. नव्याला तेवढं झेपणार नव्हतं, मला दुरूनच कळलं.

मनात आलं, होऊ दे लगदा, बघू दे सगळ्यांना. कबूल करते, क्षणभर फार गोड वाटलं. मग जवळ जाऊन हळूच म्हणाले, ‘‘ताई, तांदूळ नवा आहे, पाणी कमी लागेल.’’

‘‘लसूण झाला का तुझा?’’

‘‘होतोय,’’ म्हणाले आणि परत जाऊन बसले. माझं सांगून झालं होतं.

देवापुढे पान मांडलं, ताईनं झाकण काढलं. आत गिचगिचीत गोळा! पळी उभी राहिली. ताईचा चेहरा पांढरा पडला. ती आम्हा सगळ्यांत मोठी, पण त्या घटकेला प्राजक्ताहूनही लहान दिसली.

‘‘तुझ्या हातून असं?’’ आई म्हणाली. ‘‘तुझ्या? लतीला कळलं होतं बघ. ती रोज रांधते, तिलाच द्यायला हवं होतं.’’

जन्मभर जे ऐकायला कान आसुसले होते, ते हेच. आणि ते ऐकताना मला जराही बरं वाटलं नाही. तराजू तोच होता, फक्त पारडी बदलली होती. ताईचे डोळे भरले होते.

‘‘आई, नवा तांदूळ भल्याभल्यांना चकवतो,’’ मी म्हणाले. ‘‘माझ्या खाणावळीतही झालंय. ताई, परात दे.’’

आम्ही दोघींनी भात परातीत पसरला, वाफ जाऊ दिली. थोडा सावरला. नैवेद्य दाखवला, मऊ भातावर उडदाची आमटी घालून सगळे जेवलो. रेवानं दोनदा घेतला.

भांडी घासताना ताई म्हणाली, ‘‘दरवर्षी या भाताची मला धास्ती असते गं. तुझ्याकडून सांडलं तर हसतात. माझ्याकडून सांडलेलं कुणाला खपत नाही.’’

मी इतकी वर्षं तिच्या कौतुकावर जळत होते आणि ती त्याच कौतुकाच्या ओझ्याखाली वाकली होती.

‘‘पुढच्या वर्षी जाळ तू बघ, पाणी मी घालते,’’ एवढंच म्हणाले.

‘‘आणि लसूण?’’

‘‘तो दोघी सोलू.’’

निघायच्या सकाळी रेवानं घाईत चप्पल उलटी घातली. आई लगेच म्हणाली, ‘‘धांदरट कुठली, अगदी...’’

‘‘आई,’’ ताई मध्येच म्हणाली, ‘‘तिचं नाव रेवा आहे.’’

आईनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. ‘‘बरं बाई, रेवा,’’ म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. आई बदलली असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा म्हणेलच. पण आता टोकणाऱ्या आम्ही दोघी आहोत.

परतीच्या गाडीत मांडीवर नव्या तांदळाची पिशवी होती. मोखाडा मागे पडला, गाडी घाट चढली, आणि नाशिक जवळ आलं तरी मला घाई वाटत नव्हती. खूप वर्षांनी माहेराहून न दुखावता परतत होते. रेवा खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, ‘‘आई, भात बिघडला म्हणजे मावशीपण धांदरट का?’’

‘‘नाही गं,’’ मी म्हणाले. ‘‘मावशीचं नाव सुशीला.’’